दुप्पट लावण्याचा हिशेब

हरलो की पुढचा डाव दुप्पट लावायचा. कधीतरी जिंकणारच, आणि त्या एका डावात मागचं सगळं वसूल होऊन वर पहिल्या डावाइतका नफा उरणार. अठराव्या शतकात युरोपातल्या जुगारघरांत रूढ असलेल्या या युक्तीला ‘मार्टिंगेल’ म्हणतात.

तिच्यातली मेख हिशेबात सापडते. समजा, खिशात 25,500 रुपये आहेत आणि पहिला डाव 100 रुपयांचा. दुप्पट करत गेल्यास आठवा डाव 12,800 रुपयांचा होतो. तोही गेला की खिसा रिकामा. नाणेफेकीत ओळीने आठ वेळा हरण्याची शक्यता 256 मध्ये एक. म्हणजे सरासरी 255 वेळा शंभर-शंभर मिळून 25,500 रुपये जमतात आणि एकदाच तेवढेच जातात. खेळ बरोबरीचा असूनही हाती शून्य! एक शून्य असलेल्या रूलेटमध्ये तर हा फटका साधारण 207 मध्ये एकदा बसतो. तोवरची कमाई जेमतेम 20,600 असते.

रोजच्या छोट्या नफ्यामुळे हा धोका दिसत नाही.

बेरिंग्ज बँकेच्या सिंगापूर शाखेतल्या निक लीसनने हीच चाल वायदेबाजारात खेळली. तोटे 88888 क्रमांकाच्या खात्यात दडवायचे आणि भरून काढण्यासाठी सौदे वाढवत न्यायचे. 1993 मध्ये एकदा ते जमलंही. पण 1994 अखेर लपवलेला तोटा सुमारे 20.8 कोटी पौंडांवर गेला. 17 जानेवारी 1995 ला जपानमध्ये कोबेचा भूकंप झाला, निक्केई निर्देशांक घसरला, तरी लीसन खरेदी करतच राहिला. शेवटी तोटा 82.7 कोटी पौंडांवर पोचला आणि 1762 पासूनची बँक एका पौंडाला विकली गेली.

अँटी-मार्टिंगेलची रीत उलटी: भांडवल घटलं की डाव लहान, वाढलं की मोठा. त्याचा रुळलेला प्रकार म्हणजे प्रत्येक सौद्यात उरलेल्या भांडवलाच्या ठरावीक टक्क्यांइतकीच जोखीम घेणं. एक लाखावर दोन टक्के म्हणजे 2,000 रुपये. स्टॉपलॉस दहा रुपये खाली असेल तर 200 शेअर. पुढच्या तोट्यानंतर जोखीम 1,960 वर येते. ओळीने आठ सौदे फसले तरी सुमारे 85,000 उरतात. दुप्पट लावणाऱ्याचे त्याच लाखातले 62,000 पाच सौद्यांतच जातात आणि सहाव्यासाठी लागणारे 64,000 त्याच्याकडे नसतात.

ही रीतही फुकट नाही. 85,000 चे पुन्हा लाख व्हायला साडेसतरा टक्के नफा लागतो, आणि तो लहान डावांतून सावकाश येतो. बाजार स्टॉपलॉसच्याही खाली उघडला तर तोटा ठरवल्यापेक्षा मोठा होतो. मूळ सौदेच सरासरी तोट्याचे असतील, तर डावाचा आकार बदलून ते नफ्याचे होत नाहीत. भांडवल संपायला फक्त जास्त वेळ लागतो.