शोलेस्कीचे वर्गमूळ

फ्रेंच सैन्यातील भूमापक आंद्रे-लुई शोलेस्की १९१८ मध्ये युद्धात मारले गेले. मोजणीच्या चुका जुळवताना येणारी समीकरणे सोडवण्याची त्यांची रीत १९२४ मध्ये छापली गेली.

एक छोटे उदाहरण पाहू: ४क्ष + २य = ८ आणि २क्ष + ५य = १२. सहगुणकांच्या मॅट्रिक्सच्या ओळी (४, २) आणि (२, ५). तिचे जणू वर्गमूळ काढायचे. ४ चे मूळ २. खालच्या २ ला त्याने भागले की १. मग ५ मधून १ चा वर्ग वजा करून ४, त्याचे मूळ २. झाली खालच्या त्रिकोणाची मॅट्रिक्स: (२, ०) आणि (१, २). तिला तिच्याच ट्रान्सपोजने गुणले की मूळ मॅट्रिक्स परत मिळते.

आता वरून खाली या: २प = ८, म्हणून प = ४; प + २फ = १२, म्हणून फ = ४. मग ट्रान्सपोज घेऊन खालून वर जा: २य = ४, म्हणून य = २; २क्ष + य = ४, म्हणून क्ष = १.

५ च्या जागी ० असता, तर मुळाखाली उणे १ आले असते. मुळाखाली शून्य किंवा ऋण संख्या आली, की समजावे: ही मॅट्रिक्स धन-निश्चित नाही, इथे ही रीत चालणार नाही.