हवेच्या वाटेची रुंदी

दहा मीटर व्यासाची आणि दहा मीटर उंचीची एक पोलादी टाकी डोळ्यांसमोर आणा. तिच्यात ७८५ घनमीटर माल मावतो. रंगकामाच्या वेळी आत धूळ जाऊ नये म्हणून छतावरच्या व्हेंटला कुणीतरी प्लास्टिकची पिशवी बांधली आणि ती सोडायची राहून गेली. आता खाली पंप सुरू झाला आहे. तो तासाला १२० घनमीटर, म्हणजे मिनिटाला दोन घनमीटर माल उपसतो. मालाच्या वर हवेचा एक मीटरचा थर आहे. टाकी धोक्याच्या रेषेवर यायला किती वेळ लागेल? सुमारे सहा सेकंद!

हे उत्तर मला अजूनही थक्क करतं, पण त्यामागचं गणित साधं आहे. अशा टाक्या सहसा पाण्याच्या २५ मिलिमीटर थराच्या दाबाएवढीच निर्वात सोसतील, अशा हिशेबानं बांधतात. बाहेरच्या हवेचा दाब सुमारे १०,३०० मिलिमीटर पाण्याएवढा असतो. म्हणजे आतला दाब पाव टक्क्यानं उतरला की मर्यादा संपली. वरच्या थरात साडेअठ्ठ्याहत्तर घनमीटर हवा आहे. तिला पाव टक्का फुगायला जेमतेम १९० लिटर जागा लागते, आणि तेवढा माल पंप सहा सेकंदांत बाहेर काढतो. त्या क्षणी नुसत्या छतावर बाहेरची हवा दोन टनांचा भार टाकत असते. पंपाला मात्र यातलं काहीच जाणवत नाही. कित्येक मीटर पाण्याचा दाब निर्माण करणाऱ्या यंत्राला २५ मिलिमीटरचा फरक कळणार तरी कसा? तो उपसत राहतो.

काठोकाठ भरलेल्या मालाचा दाब निमूट सोसणारं पोलाद इथे का हरतं? आतून दाब आला की पत्रा ताणला जातो आणि टाकी अधिकच गोल होते. बाहेरून दाब आला की जिथे गोलाई किंचित बिघडलेली असेल तिथला खोलगटपणा वाढतो, आणि तो वाढला की दाबाला आणखी वाव मिळतो. वरच्या कड्यांचा पत्रा पाचच मिलिमीटर जाड असतो, म्हणजे व्यासाचा दोनहजारावा भाग. त्या मानानं अंड्याचं कवच पंधरापट जाड म्हणावं लागेल. माल असतो तिथे पत्र्याला आतून आधार मिळतो, म्हणून टाकी बहुधा मालाच्या पातळीच्या वरच्या भागातच चेपते.

मग व्हेंट केवढा हवा? आधी आत किती हवा यायला हवी ते पाहू. जेवढा माल बाहेर, तेवढी हवा आत: तासाला १२० घनमीटर. एवढ्यावर थांबणं ही मोठी चूक ठरेल. वैशाखात दुपारभर तापलेल्या टाकीवर वळवाचा पाऊस कोसळला की आतली हवा झपाट्यानं आकसते. ‘एपीआय २०००’ या मानकाचा जुना ठोकताळा सांगतो की या आकाराच्या टाकीसाठी दर घनमीटर क्षमतेमागे तासाला सुमारे ०.१७ घनमीटर हवा धरावी. ती झाली १३३, आणि तापमानाची दुरुस्ती करून साधारण १५०. म्हणजे पंपापेक्षा पाऊसच जास्त हवा मागतो! दोन्ही मिळून तासाला २७०.

आता भोक. दहा मिलिमीटर पाण्याएवढ्या दाबफरकानं हवा सेकंदाला तेरा मीटर वेगानं धावते. पण भोकातून जाताना तिचा झोत आकसतो, म्हणून भोकाचा साठ टक्केच भाग कामाचा धरायचा. त्या हिशेबानं ११ सेंटिमीटर व्यास लागतो. चार इंची व्हेंट थोडा अपुरा, म्हणून सहा इंची घ्यायचा. त्यात दाबफरक तीनच मिलिमीटर राहतो. हीच हवा दोन इंची नळीतून घ्यायची म्हटलं, तर दाबफरक २३० मिलिमीटरवर जातो, मर्यादेच्या नऊपट.

इतका फरक पडतो, कारण दाबफरक वेगाच्या वर्गानं वाढतो. व्हेंटवर पक्षी-किडे आत जाऊ नयेत म्हणून जाळी असते. ती घरट्यानं किंवा रंगानं अर्धी बुजली, तर तीनचे बारा मिलिमीटर होतात. टाकी तरीही सुखरूप. पाऊण बुजली, तर जवळजवळ पन्नास, आणि मग पत्रा वाचत नाही. अर्ध्यापर्यंत काहीच घडत नाही, म्हणून जाळी बुजत चालल्याचं टाकी आपणहून सांगत नाही. कुणीतरी वर चढून पाहिल्याशिवाय ते कळत नाही. ज्वालाग्राही मालाच्या टाकीवर ब्रीदर व्हॉल्व्ह किंवा फ्लेम अरेस्टर असतो. तिथे हिशेब आणखी कडक लागतो. व्हॉल्व्हची झडप उचलायलाच थोडा दाबफरक खर्च होतो, आणि अरेस्टरच्या बारीक खाचा जाळीपेक्षा लवकर तुंबतात.

पत्र्यातून ‘धप्प’ असा आवाज आला किंवा छत आत बसताना दिसलं, तर आधी पंप थांबवायचा. चेपलेली टाकी दर वेळी भंगारात जाते असंही नाही. ब्रिटिश सुरक्षातज्ज्ञ ट्रेव्हर क्लेट्झ यांनी अशा अपघातांच्या अनेक हकिकती लिहून ठेवल्या आहेत. काही टाक्या पाणी भरून, आतून हलका दाब देऊन पुन्हा आकारात आणता आल्या आहेत. त्यानंतर मात्र प्रत्येक वेल्ड तपासावा लागतो.