सवलतीचा हिशेब

किराणा मालाच्या मोठ्या दुकानांत आणि मोबाईलवरील ॲपमध्ये सवलतीचे कूपन देण्याची प्रथा आता रूढ झाली आहे. कूपन खोटे नसते; परंतु त्यातील किमान खरेदीची अट कशासाठी घातलेली असते, हे ग्राहकाच्या सहसा ध्यानी येत नाही. ही रक्कम बहुधा नेहमीच्या बिलापेक्षा थोडी वर ठेवलेली असते, कारण ग्राहकाने ती थोडी पायरी चढावी हाच तिचा हेतू असतो.

समजा, एका गृहिणीची महिन्याची यादी 1160 रुपयांची आहे आणि तिच्यापाशी 1500 रुपयांच्या खरेदीवर 150 रुपये सूट देणारे कूपन आहे. 340 रुपये कमी पडतात, म्हणून ती बिस्किटे आणि सरबताच्या बाटल्या उचलते. पावतीवर ‘आपण 150 रुपये वाचविले’ असे छापून येते. वस्तुतः 1160 रुपयांच्या जागी तिने 1350 रुपये दिलेले असतात. म्हणजे नको असलेल्या जिनसांवर 190 रुपये अधिक गेले.

त्याच जागी पुढील महिन्यात लागणारी 340 रुपयांची तूरडाळ तिने घेतली असती, तर ती 190 रुपयांतच पडली असती आणि दीडशे रुपयांची बचत खरी ठरली असती. मात्र डाळ टिकली पाहिजे आणि घरात आहे म्हणून ती अधिक वापरली जाता कामा नये.

कॅशबॅकची गोष्ट याहून सूक्ष्म आहे. ‘10 टक्के परत, कमाल 50 रुपये’ या वाक्यातील उत्तरार्ध महत्त्वाचा. 500 रुपयांवरच ही मर्यादा पुरी होते. 1350 रुपयांच्या बिलावर परतावा चार टक्क्यांहूनही कमी भरतो. शिवाय ही रक्कम बँकेत जमा न होता ॲपच्या पाकिटात पडली, तर ती तेथेच आणि मुदतीत खर्चावी लागते. म्हणून ती हाती येईपर्यंत जमेस धरू नये.

गुणांचेही रुपयांत रूपांतर करून पाहावे. शंभर रुपयांस एक गुण आणि चार गुणांचा एक रुपया असा दर असेल, तर 1350 रुपयांवर 13 गुण, म्हणजे सव्वातीन रुपये मिळतात. शेजारचा वाणी तोच माल दहा रुपयांनी स्वस्त देत असेल, तर गुणांचे आकर्षण व्यर्थ होय. ‘गुणांची मुदत संपत आहे’ असा निरोप आला की दहा रुपये वाचविण्यासाठी तीनशेची खरेदी होते, ती याच विस्मरणामुळे.

यावर उपाय साधा आहे. आधी यादी व तिची बेरीज लिहावी, कूपन मागाहून पाहावे. दुकानातून परतल्यावर पावतीवरील ‘वाचविले’ हा आकडा न पाहता, प्रत्यक्ष दिलेली रक्कम त्या बेरजेशी ताडून पाहावी. जास्तीची रक्कम पुढील महिन्याच्या यादीतून वजा होत नसेल, तर ती बचत नव्हे, खर्च होय.