सर्टिफिकेटवरचे बरोबर दिसणारे ०.८

चाकणच्या किंवा सातपूरच्या कारखान्यातला मायक्रोमीटर कॅलिब्रेट होऊन परत येतो, तेव्हा त्याच्या सर्टिफिकेटवर दोन आकडे पाहायचे असतात. पहिला आकडा यंत्र किती चुकतं ते सांगतो. ती चूक सांगताना प्रयोगशाळा स्वतः किती कमी-जास्त असू शकते, हे दुसरा सांगतो. या दुसऱ्या आकड्याला अनिश्चितता म्हणतात. ती ०.८ मायक्रॉन आहे की १.२, यावर एखादा जॉब पास करायचा की बाजूला ठेवायचा हे ठरू शकतं. आणि बहुतेक लहान-मध्यम प्रयोगशाळांमध्ये हा आकडा एका एक्सेल शीटमधून बाहेर पडतो. ती शीट कधीतरी, कोणीतरी, बहुधा घाईत बनवलेली असते.

प्रयोगशाळांच्या क्षमतेचं आंतरराष्ट्रीय मानक आयएसओ/आयईसी १७०२५ याबाबत स्पष्ट आहे. भारतात एनएबीएल याच मानकावर मान्यता देतं. मानकाच्या २०१७ च्या आवृत्तीनुसार माहिती आणि गणितं हाताळणारी प्रणाली वापरात आणण्यापूर्वी तपासून सिद्ध करावी लागते, आणि तिच्यात बदल केला तर तो मंजूर करून, नोंदवून पुन्हा तपासावा लागतो. बाजारात सर्रास वापरलं जाणारं सॉफ्टवेअर त्याच्या नेहमीच्या कामापुरतं पुरेसं तपासलेलं मानायला हे मानक हरकत घेत नाही. या सवलतीचा अर्थ मात्र पुष्कळदा चुकीचा लावला जातो. सवलत एक्सेलला आहे, त्यात प्रयोगशाळेने लिहिलेल्या सूत्रांना नाही.

ही सूत्रं कशी तपासायची, हे एका उदाहरणावरून पाहू. समजा, एक डिजिटल मायक्रोमीटर २५ मिलिमीटरच्या स्लिप गेजवर पाच वेळा लावला. रीडिंग आली २५.००१, २५.००१, २५.००२, २५.००१ आणि २५.००१. अनिश्चिततेत चार वाटेकरी धरले आहेत. पहिला, रीडिंगमधला विखार: प्रमाण विचलन ०.४४७ मायक्रॉन, त्याला पाचाच्या वर्गमुळाने भागलं की ०.२ मायक्रॉन. दुसरा, स्लिप गेजची स्वतःची अनिश्चितता: तिच्या सर्टिफिकेटवर ०.१ मायक्रॉन लिहिलंय, पण तो आकडा दोनाने गुणून छापलेला असतो, म्हणून गणितात त्याचा अर्धा, ०.०५ घ्यायचा. तिसरा, लीस्ट काउंट: एका मायक्रॉनचा अर्धा भागिले तीनाचं वर्गमूळ, म्हणजे ०.२८९. चौथा, तापमान: गेज आणि मायक्रोमीटर यांच्यात एक अंशापर्यंत फरक राहू शकतो असं धरलं तर पोलादाच्या प्रसरणाने ०.१६६. चारही आकड्यांचे वर्ग करून बेरीज, तिचं वर्गमूळ ०.३९२. त्याला दोनाने गुणलं की ०.७८३. सर्टिफिकेटवर छापलं जातं ०.८.

शीटमध्ये पहिल्या दोन वाटेकऱ्यांची सूत्रं अशी दिसतात:

```
=STDEV.S(C12:C16)/SQRT(COUNT(C12:C16))
=F6/2
```

आता यात दोन चुका घालून पाहू. दोन्ही नेहमी होणाऱ्या आहेत. पहिली, `STDEV.S` ऐवजी `STDEV.P`. हे सूत्र पाच रीडिंगनाच संपूर्ण समूह मानतं आणि चाराऐवजी पाचाने भागतं, त्यामुळे प्रमाण विचलन ०.४ येतं. एवढ्याने अंतिम आकडा ०.७६३ होतो. दुसरी चूक, गेजच्या सर्टिफिकेटवरचा आकडा दोनाने भागायचा राहून गेला. फक्त हीच चूक असेल तर ०.८०२. दोन्ही चुका एकत्र असतील तर ०.७८२.

म्हणजे बरोबर शीट ०.७८३ देते आणि दोन ठिकाणी चुकलेली शीट ०.७८२. सर्टिफिकेटवर चारही वेळा ०.८ च छापलं जाणार. रोजच्या कामातलं एक उदाहरण घेतलं, कॅल्क्युलेटरवर पडताळलं, जुळलं आणि सही केली, या पद्धतीने ही शीट आरामात पास होते. त्या एका जुळणीतून शीट बरोबर आहे हे सिद्ध झालेलं नसतं. या आकड्यांना तिच्यातल्या चुका दिसत नाहीत, एवढंच त्यातून कळतं.

म्हणून चाचणीचे आकडे मुद्दाम विचित्र निवडावे लागतात. प्रत्येक चाचणीत एकाच वाटेकऱ्याला इतकं मोठं करायचं की बाकीचे त्याच्यापुढे नगण्य ठरतील. वरच्याच शीटमध्ये गेजची अनिश्चितता ०.१ ऐवजी ४ मायक्रॉन भरली, बाकी काही बदललं नाही. दोनाने गुणण्यापूर्वीचा एकत्रित आकडा २.०४ यायला हवा. भागायचं राहिलेली शीट ४.०२ दाखवते. जवळजवळ दुप्पट, म्हणजे चूक लपायला जागाच नाही. दुसऱ्या चाचणीत गेज पुन्हा ०.१ वर आणायचा आणि रीडिंगचा विखार दहापट करायचा: २५.०१०, २५.०१०, २५.०२०, २५.०१०, २५.०१०. बरोबर उत्तर २.०३, `STDEV.P` वालं १.८२. लीस्ट काउंट आणि तापमान यांच्यासाठीही अशीच एकेक चाचणी.

या दुसऱ्या चाचणीतून आणखी एक गोष्ट बाहेर येते. अनिश्चिततेचा बहुतेक भाग अवघ्या पाच रीडिंगच्या विखारातून येत असेल, तर शेवटी दोनाने गुणणं पुरत नाही. साधारण ९५ टक्के खात्रीसाठी तिथे गुणक २.८७ च्या आसपास जातो. ज्या शीटमध्ये शेवटच्या सूत्रात नुसता २ टाइप केलेला आहे, ती ५.८ च्या जागी ४.१ दाखवते. नेहमीच्या कामात विखार लहान असतो, म्हणून ही उणीव वर्षानुवर्षं कोणाच्या लक्षात येत नाही.

अपेक्षित उत्तर शीटच्या बाहेरून यायला हवं: कॅल्क्युलेटरवर, कागदावर, शक्यतो शीट न बनवलेल्या माणसाकडून. त्याच शीटची प्रत काढून तिच्याशी ताळा केला तर चुकीची चुकीशीच गाठ पडते. प्रमाण विचलनासारख्या गणितासाठी अमेरिकेच्या एनआयएसटी या संस्थेने तपासलेल्या उत्तरांसह आकड्यांचे संच प्रसिद्ध केले आहेत. त्यांपैकी एकात एक कोटीच्या आसपासचे १००१ आकडे आहेत आणि प्रमाण विचलन नेमकं ०.१ आहे. असे संच उगाच बनवलेले नाहीत. २००३ पूर्वीच्या एक्सेलची प्रमाण विचलन काढण्याची रीत अशी होती की मोठ्या आकड्यांतले बारीक फरक तिच्यात हरवून जात. पुढे मायक्रोसॉफ्टने ती बदलली.

मग वाकड्या नोंदींची पाळी. पाचपैकी एक रीडिंग रिकामं ठेवायचं. एक मजकूर म्हणून भरायचं, म्हणजे आकड्यामागे मिमी लिहून. रांगेतला मजकूर `AVERAGE` गुपचूप वगळतं आणि चारांचीच सरासरी देतं, कुठेही लाल खूण उमटत नाही. सूत्रात `COUNT` ऐवजी ५ हाताने टाइप केलेला असेल, तर विखार चारांचा आणि भागाकार पाचाचा. अशा वेळी शीटने उत्तर देण्याचंच नाकारायला हवं:

```
=IF(COUNT(C12:C16)=5,AVERAGE(C12:C16),"रीडिंग तपासा")
```

रांगेतून आकडे सुटणं किती महागात पडू शकतं, याचं गाजलेलं उदाहरण अर्थशास्त्रातलं आहे. सरकारी कर्ज आणि आर्थिक वाढ यांवरचा कार्मेन राइनहार्ट आणि केनेथ रोगॉफ यांचा २०१० चा निबंध अनेक देशांतल्या काटकसरीच्या धोरणांच्या समर्थनार्थ वापरला गेला. २०१३ मध्ये मॅसॅच्युसेट्स विद्यापीठातला विद्यार्थी थॉमस हर्नडन याने मूळ शीट मिळवून उघडली, तेव्हा सरासरीचं सूत्र ४९ व्या ओळीपर्यंत जाण्याऐवजी ४४ व्या ओळीवर थांबलेलं दिसलं. ऑस्ट्रेलिया, ऑस्ट्रिया, बेल्जियम, कॅनडा आणि डेन्मार्क हे पाच देश बाहेर राहिले होते. निष्कर्षावरचे इतर आक्षेप याहून मोठे होते, पण ही चूक सूत्राच्या सेलवर क्लिक करताच कोणालाही दिसली असती.

तपासलेली सूत्रं मग कुलूपबंद करायची. एक्सेलमध्ये प्रत्येक सेल मुळातच लॉक असा नोंदलेला असतो, पण शीटला संरक्षण लावेपर्यंत त्या नोंदीचा काही परिणाम नसतो. त्यामुळे आधी फक्त नोंदी भरायचे सेल मोकळे करायचे, त्यांना वेगळा रंग द्यायचा आणि मग `Protect Sheet` लावायचं. हे कुलूप हात चुकून लागू नये म्हणून आहे. मुद्दाम बदल करणाऱ्याला ते अडवू शकत नाही, आणि तो सुरक्षेचा उपाय नसल्याचं मायक्रोसॉफ्टच सांगतं.

कुलूप असूनही एक वाट उघडी राहते आणि ती फार थोड्यांना माहीत असते. चुकीच्या सेलमध्ये टाइप झालेलं रीडिंग तंत्रज्ञ `Ctrl+X` करून योग्य सेलमध्ये चिकटवतो. दोन्ही सेल मोकळे, त्यामुळे एक्सेल अडवत नाही. पण सेल हलवला की त्याच्याकडे बोट दाखवणारी सूत्रंही त्याच्यामागे जातात, लॉक असलेली सुद्धा. कधी सूत्रात `#REF!` येतं, आणि ते बरं, कारण निदान दिसतं. कधी रांगेचं टोक सरकतं आणि काहीच दिसत नाही. म्हणून शीट तपासताना ही कृती मुद्दाम करून पाहावी. तंत्रज्ञांना आकडा पुसून पुन्हा टाइप करायची सवय लावावी.

सगळ्यात घातक सवय मात्र कुलुपाच्या बाहेरची आहे: मागच्या ग्राहकाची भरलेली फाइल उघडायची आणि नव्या नावाने सेव्ह करायची. मागच्या कामात कोणी काही बदललं असेल तर ते पुढे चालत राहतं. गेजचं पुन्हा कॅलिब्रेशन होऊन गेलेलं असलं तरी शीटमध्ये जुनाच आकडा राहतो. यावर साधा उपाय आहे. मूळ शीट `.xltx` या टेम्प्लेट प्रकारात, फक्त वाचता येईल अशा फोल्डरमध्ये ठेवायची. तिच्यावर डबल-क्लिक केलं की दर वेळी कोरी नवी प्रत उघडते आणि मूळ फाइल तशीच राहते.

मूळ फाइलला क्रमांक हवा आणि तो शीटवर, तिच्यातून निघणाऱ्या प्रत्येक सर्टिफिकेटच्या नोंदीवरही उमटायला हवा. बदलाच्या वहीत कोणता सेल, आधी काय होतं, आता काय आहे, का बदललं, कोणी तपासलं, हे लिहायचं. बदल एकाच सेलचा असला तरी चाचण्या सगळ्या पुन्हा चालवायच्या, कारण एक ओळ घातली की दूरच्या सूत्राचीही रांग बिघडू शकते. मंजूर फाइलचा ठसाही विंडोजमध्ये एका आज्ञेने घेता येतो:

```
certutil -hashfile MIC_R04.xltx SHA256
```

फाइलमध्ये एक अक्षर जरी बदललं तरी हा ठसा पूर्ण वेगळा येतो. मात्र फाइल उघडून काही न बदलता सेव्ह केली तरीही तो बदलू शकतो. म्हणून भरलेल्या प्रतींसाठी नाही, फक्त मूळ फाइलसाठीच तो वापरावा.

जुन्या आवृत्त्या पुसायच्या नाहीत. उद्या चौथ्या आवृत्तीत `STDEV.P` सापडलं, तर ते तिसऱ्यात होतं का हे फाइल उघडूनच कळेल. चौथी आवृत्ती कोणत्या तारखेपासून कोणत्या तारखेपर्यंत चालली, तिच्यावरून कोणती सर्टिफिकेटं निघाली, याची यादी हाताशी असेल तर कच्ची रीडिंग दुरुस्त शीटमध्ये घालून प्रत्येक आकडा पुन्हा काढता येतो. छापलेला आकडा ज्यांच्या बाबतीत खरोखर बदलतो, त्या ग्राहकांना कळवून सुधारित सर्टिफिकेट द्यायचं. ०.७६३ आणि ०.७८३ यांच्यातला फरक ०.८ मध्ये विरून गेला असेल, तर तीही नोंद आकड्यांसह फाइलला लावून ठेवायची.