एका नॅनोसेकंदाहून छोटी चूक

लिफ्ट, वॉशिंग मशीन, चौकातला सिग्नल अशा कितीतरी उपकरणांच्या पोटात एक छोटं सर्किट असतं. ‘आत्ता आपण कोणत्या टप्प्यावर आहोत’ एवढं ते लक्षात ठेवतं आणि क्लॉकच्या प्रत्येक ठोक्याला इनपुट बघून पुढच्या टप्प्यावर जातं. याला स्टेट मशीन म्हणतात. टप्पा लक्षात ठेवण्याचं काम फ्लिप-फ्लॉप करतात. फ्लिप-फ्लॉप फक्त ठोक्याच्या क्षणी इनपुट वाचतो आणि पुढच्या ठोक्यापर्यंत ते धरून ठेवतो.

बाहेर उत्तर कसं द्यायचं याच्या दोन पद्धती आहेत. बेल लॅब्जमधले जॉर्ज मीली यांनी 1955 साली मांडलेल्या पद्धतीत उत्तर टप्पा आणि त्या क्षणाचं इनपुट या दोन्हींवर ठरतं. पुढच्याच वर्षी एडवर्ड मूर यांनी मांडलेल्या पद्धतीत ते फक्त टप्प्यावर ठरतं. मीली मशीनला बहुतेक वेळा टप्पे कमी लागतात आणि इनपुट बदलताच ते उत्तर देतं, ठोक्याची वाट बघत नाही. अडचण नेमकी इथूनच सुरू होते, कारण ठोक्याची वाट न बघणारं उत्तर ठोक्याच्या शिस्तीतही राहत नाही.

शिकवताना नेहमी घेतलं जाणारं एक उदाहरण बघू. एकेक करून येणाऱ्या बिट्समध्ये 101 हा क्रम दिसला की मशीनने 1 द्यायचा. त्याला तीन टप्पे पुरतात. काहीच जुळलेलं नसेल तर S0, नुकताच 1 आला असेल तर S1 आणि 10 जुळलं असेल तर S2. या टप्प्यांना अनुक्रमे 00, 01 आणि 10 असे संकेत दिले की टप्पा S2 आहे हे डावीकडचा फ्लिप-फ्लॉप `q1` एकटाच सांगतो. मग उत्तराला एक अँड गेट पुरतं: `z = q1 & x`. म्हणजे 10 जुळलेलं आहे आणि आत्ता 1 दिसतोय.

आता क्लॉक 50 मेगाहर्ट्झचं आहे, म्हणजे दर 20 नॅनोसेकंदांनी एक ठोका पडतो असं धरा, आणि इनपुटला 1, 0, 0, 1 असे बिट पाठवा. यात 101 कुठेच नाही, त्यामुळे `z` सतत 0 राहायला हवा. दुसरा शून्य वाचला जातो त्या ठोक्याला मशीन S2 मधून S0 मध्ये जातं आणि `q1` एकचा शून्य होतो. त्याच ठोक्यानंतर इनपुटही शून्याचा एक होतो, कारण पुढचा बिट आलेला असतो. कागदावर हे दोन्ही बदल एकाच वेळी होतात. चिपवर मात्र दोन तारांची लांबी वेगळी आणि वाटेतली गेट्सही वेगळी. समजा, इनपुटचा नवा 1 ठोक्यानंतर 1 नॅनोसेकंदाने अँड गेटपाशी पोचला आणि `q1` शून्य झाल्याची खबर 1.6 नॅनोसेकंदाने पोचली. मधल्या 0.6 नॅनोसेकंदात गेटला दोन्हीकडून 1 दिसतो आणि ते इमानदारीने 1 देतं. हाच ग्लिच. इथे कोणताही भाग बिघडलेला नाही, तर्कही चुकलेला नाही.

दुसऱ्या प्रकारचा ग्लिच इनपुटमुळे येतो. मशीन S2 मध्ये असताना बाहेरून येणारी तार ठोक्यांच्या मधल्या वेळात क्षणभर वर जाऊन खाली आली, तर ठोक्याच्या क्षणी वाचलेला बिट शून्यच असतो. मशीनच्या लेखी 1 आलेलाच नसतो. तरीही `z` मधल्या काळात वर जाऊन आलेला असतो.

ग्लिचने नेहमी नुकसान होतंच असं नाही. `z` वाचणारा पुढचा भाग त्याच क्लॉकवर चालत असेल आणि पुढच्या ठोक्याच्या पुरेसं आधी `z` स्थिर होत असेल, तर मधली धावपळ त्याला दिसतच नाही. शाळेत घंटेला हजेरी घेतात, मधल्या सुट्टीत कोण कुठे पळालं हे तिथे नोंदवलं जात नाही, तसंच हे. नुकसान होतं ते `z` थेट एखाद्या काउंटरच्या क्लॉकला, रीसेटला किंवा मेमरीत लिहिण्याच्या तारेला जोडला की. मग 1001 पाठवल्यावरही काउंटर एकाने पुढे सरकतो. 0.6 नॅनोसेकंदाचा पल्स कधी पकडला जातो, कधी सुटतो. चिप तापली की वागणं बदलतं, डिझाइन पुन्हा चिपवर बसवलं की तारांची लांबी बदलते आणि चूक नाहीशी झाल्यासारखी वाटते. म्हणून ती शोधताना माणूस मेटाकुटीला येतो.

उपाय साधा आहे. उत्तर बाहेर सोडण्याआधी त्याला आणखी एका फ्लिप-फ्लॉपमधून न्यायचं. व्हेरिलॉगमध्ये ते असं लिहितात:

```
always @(posedge clk)
  z_reg <= (state == S2) & x;
```

आपल्या उदाहरणात ग्लिच ठोक्यानंतर 1 ते 1.6 नॅनोसेकंदांच्या मध्ये होतो. नवा फ्लिप-फ्लॉप पुन्हा वाचणार तो 20 व्या नॅनोसेकंदाला, तोवर `z` कधीच शांत झालेला असतो. `z_reg` आणि बाहेरची तार यांच्यामध्ये आता एकही गेट नाही, त्यामुळे `z_reg` बदलतो तो ठोक्यानंतर ठरावीक अवधीने आणि मग अख्खा ठोका स्थिर राहतो. साध्या मीली मशीनमध्ये खरा 101 आला तरी शेवटचा 1 उशिरा पोचला तर `z` चा पल्स जेमतेम काही नॅनोसेकंदांचा होतो. इथे तो पूर्ण 20 नॅनोसेकंदांचा मिळतो.

याची किंमत वेळेत मोजावी लागते. जे उत्तर 1 दिसताक्षणी मिळत होतं, ते आता तो 1 वाचणाऱ्या ठोक्यानंतर मिळतं. हीच वेळ मूर मशीनचीही असते, कारण तेही तो 1 वाचूनच ‘101 सापडलं’ या चौथ्या टप्प्यात जातं. म्हणजे हा जादा फ्लिप-फ्लॉप लावल्यावर आपण मीलीच्या आखणीतून मूरच्या वेळेला पोचतो. मात्र ‘जागा संपली, थांब’ असा संदेश त्याच ठोक्यात पोचायला हवा असेल, तर एका ठोक्याच्या उशिराने एक जादा शब्द आत येऊन बसेल. तिथे आधीपासून एक जागा राखून ठेवावी लागते.

आणखी एक खड्डा आहे आणि त्यात अनेक जण पडतात. इनपुट जर या क्लॉकशी असंबंधित असेल, एखाद्या बटणाचं असेल, तर ते नेमकं ठोक्याच्या क्षणीही बदलू शकतं. तेव्हा टप्प्याचा फ्लिप-फ्लॉप 1 वाचतो आणि `z_reg` चा 0. मशीन पुढे निघून जातं आणि 101 सापडल्याचा निरोप कायमचा हरवतो. म्हणून असं इनपुट आधी ओळीने लावलेल्या दोन फ्लिप-फ्लॉपमधून आणायचं आणि मगच सगळ्यांना वाटायचं. आउटपुटवरचा फ्लिप-फ्लॉप हे काम करू शकत नाही.

काउंटरच्या क्लॉकला `z_reg` सुद्धा जोडू नये असं माझं स्पष्ट मत आहे. 101 ऐवजी 111 शोधायचं असेल तर 1111 मध्ये लागोपाठ दोन ठोक्यांना उत्तर 1 येतं, `z_reg` मध्ये खाली येतच नाही आणि काउंटर दोनऐवजी एकच मोजतो. काउंटरला मूळ क्लॉकच द्यावं आणि `z_reg` त्याच्या एनेबलला लावावा.

ग्लिचचा संशय आला तर त्याच क्लॉकवर नमुने घेणाऱ्या लॉजिक ॲनलायझरवर विसंबू नका, त्याला तो दिसणारच नाही. गेटचे विलंब न धरणाऱ्या सिम्युलेशनमध्येही 1001 चा ग्लिच येत नाही. ऑसिलोस्कोपचा ट्रिगर ‘20 नॅनोसेकंदांहून अरुंद पल्स’ यावर लावा. मात्र स्कोप आणि प्रोब इतका वेगवान हवा की अर्ध्या नॅनोसेकंदाचा पल्स पुसट होणार नाही.