सोलरचा धंदा: आधी ग्राहकाचं वीजबिल वाचा

एखाद्या जिल्ह्याच्या गावी घरांच्या छतांवर सोलर बसवणारी कंपनी काढायची असेल, तर नियोजनाची सुरुवात पॅनेलच्या दरापासून होत नाही. ती ग्राहकाच्या वर्षभराच्या वीजबिलांपासून होते. एकच यंत्रणा, एकच सबसिडी, पण एका घराचे पैसे सव्वातीन वर्षांत वसूल होतात आणि शेजारच्या घराला अकरा वर्षं लागतात. हा फरक ज्याला आधी दिसतो, त्याचा धंदा टिकतो.

फेब्रुवारी 2024 मध्ये सुरू झालेल्या ‘पीएम सूर्यघर’ योजनेत पहिल्या दोन किलोवॉटना प्रत्येकी 30,000 रुपये आणि तिसऱ्याला 18,000 रुपये सबसिडी आहे. तीन किंवा त्याहून अधिक किलोवॉटला 78,000 रुपये, त्यापुढे वाढ नाही. एक किलोवॉटला साधारण शंभर चौरस फूट मोकळी, सावली न पडणारी जागा लागते आणि दिवसाला सरासरी चार युनिट वीज मिळते.

आता उदाहरण घेऊ. तीन किलोवॉटची किंमत करांसह 1,95,000 रुपये धरली, तर सबसिडी वजा जाता खर्च 1,17,000 उरतो. महिन्याला 300 युनिट वापरणाऱ्या घराचे युनिटमागे सरासरी दहा रुपये वाचले, तर वर्षाची बचत 36,000 रुपये होते. म्हणजे सव्वातीन वर्षांत वसुली.

पण 120 युनिट वापरणाऱ्या घराचं बिल खालच्या, स्वस्त टप्प्यांत असतं. युनिटला सात रुपये धरले, तर तिथे महिन्याला 840 रुपयेच वाचतात. नेट मीटरमुळे उन्हाळ्यात जमा झालेली युनिटं पावसाळ्यात वापरता येतात, पण आर्थिक वर्षाच्या शेवटी शिल्लक राहिलेल्या युनिटना अगदी कमी दर मिळतो. अशा घराला तीन किलोवॉट विकणं म्हणजे त्याचे पैसे अडकवणं. त्याच घराला एक किलोवॉट 70,000 रुपयांना बसवला, तर सबसिडीनंतर 40,000 रुपये सुमारे चार वर्षांत सुटतात.

हातात रोख नसेल, तर सरकारी बँका या योजनेत तीन किलोवॉटपर्यंत दोन लाखांचं विनातारण कर्ज देतात. दहा टक्के रक्कम ग्राहकाची. वरच्या उदाहरणात कर्ज 1,75,500 रुपये होतं. साडेसहा टक्के व्याज आणि दहा वर्षांची मुदत धरली, तर हप्ता सुमारे दोन हजार येतो, म्हणजे वाचणाऱ्या तीन हजारांपेक्षा कमी. सबसिडी मिळाल्यावर ती कर्जात भरली आणि हप्ता तोच ठेवला, तर कर्ज पाच वर्षांच्या आत फिटतं.

सबसिडी येते ती ग्राहकाच्या खात्यात, कंपनीच्या नाही. तीही नेट मीटर बसून यंत्रणा सुरू झाल्यावर. कंपनीला मात्र पॅनेल, इन्व्हर्टर आणि लोखंडी सांगाड्याचे पैसे आधी मोजावे लागतात. एका कामाला दीड लाख साहित्य-मजुरीचे लागतात, महिन्याला दहा कामं होतात आणि पैसे दीड महिन्याने येतात असं धरलं, तर साडेबावीस लाख सतत बाहेर अडकलेले राहतात. नफ्यात दिसणाऱ्या कंपन्या इथेच अडचणीत येतात.

उशिराची कारणं बहुतेक वेळा कागदांत असतात. वीजजोडणी अजून वारलेल्या वडिलांच्या नावावर असते. बिलावरचं आणि बँकेतलं नाव जुळत नाही. सबसिडीसाठी पॅनेल आणि त्यातले सेलही भारतात बनलेले असावे लागतात. स्वस्त आयात सेलचं पॅनेल लागलं, तर सबसिडी नाकारली जाते आणि ग्राहक कंपनीला धरतो. म्हणून पहिल्याच भेटीत बिल, आधार आणि बँक पासबुक शेजारी ठेवून नाव तपासावं, पॅनेलचे अनुक्रमांक करारात लिहावेत.

करारातच पाच वर्षांची देखभालही येते. 1,95,000 मधून जीएसटीचे सुमारे 16,000 आणि दीड लाखांचा खर्च वजा केला, तर 29,000 उरतात. त्यातले 5,000 देखभालीसाठी बाजूला ठेवले, की कंपनीला 24,000 राहतात. कार्यालय, पगार आणि गाडीचा खर्च महिन्याला 1,20,000 असेल, तर पाच कामं झाली की खर्च निघतो.

योजनेची मुदत 2026-27 पर्यंत आहे, म्हणून हेच गणित सबसिडीशिवायही मांडून पाहावं लागतं. तेव्हा 300 युनिटच्या घराची वसुली साडेपाच वर्षांच्या आसपास जाते आणि 120 युनिटच्या घराची सातच्या. पहिला ग्राहक तरीही तयार होईल, दुसरा बहुधा नाही. त्यामुळे कंपनीने सुरुवातीपासून जास्त बिलांची घरं आणि दिवसा वीज वापरणारी दुकानं आपल्या यादीत ठेवावीत.