‘चहा झाला का?’ याच्या पुढचा प्रश्न

‘काय, बरं आहे ना?’ ‘हो, बरंय. तुमचं?’ ‘मजेत.’ एवढ्यावर दोघंही आपापल्या वाटेला लागतात. मानववंशशास्त्रज्ञ ब्रॉनिस्लाव मालिनोव्स्की यांनी १९२३ साली लिहिलं होतं की, अशा बोलण्यातून माहिती द्यायची-घ्यायची नसतेच, फक्त जवळीक राखायची असते. ‘जेवलात का?’, ‘चहा झाला का?’ हे आपले प्रश्नही त्यातलेच. ‘हो’ म्हटलं की त्यांचं काम झालं.

गप्पा सुरू होतात त्या दुसऱ्या प्रश्नापासून. सोसायटीच्या गेटवर रात्रपाळी संपवून निघालेले वॉचमन काका भेटले, असं समजा.

‘काय काका, चहा झाला का?’
‘झाला.’
‘टपरीवरचा की घरचा?’
‘आज घरचा. मुलीनं थर्मास भरून दिला.’
‘अरे वा! मुलगी आलीये का गावाहून?’

आता काका थांबतात. मुलगी बाळंतपणासाठी आलीये, चहात आलं जरा जास्तच घालते, असं सगळं आपणहून सांगतात. ‘टपरीवरचा की घरचा’ याला उत्तर देताना त्यांना विचार करावा लागला नाही, तरी त्या उत्तरात ‘हो’पेक्षा जास्त काहीतरी आलं. तिसरा प्रश्न तर त्यांच्याच तोंडून आलेल्या ‘मुलीनं’ या शब्दावरून सुचला. तिथं ‘आज उकडतंय, नाही?’ असं विचारलं असतं, तर मुलगी तशीच मागे राहिली असती आणि काकांना कळलं असतं की आपलं बोलणं कुणी ऐकलंच नाही.

हार्वर्डच्या संशोधकांनी २०१७ साली प्रसिद्ध केलेल्या अभ्यासात हेच दिसलं. जास्त प्रश्न विचारणारी माणसं समोरच्याला जास्त आवडली, आणि त्यातही समोरच्याच्या उत्तराला धरून पुढचा प्रश्न विचारणारी.

‘दिवस कसा गेला?’ हा प्रश्न मात्र मला फारसा उपयोगाचा वाटत नाही. आठ तास राबून आलेल्या माणसानं त्याचं उत्तर कुठून सुरू करायचं? तो ‘गेला’ म्हणून मोकळा होतो. ‘आज कितीची लोकल मिळाली?’ किंवा ‘डब्यात काय होतं?’ याला उत्तर चटकन देता येतं. शिवाय आपलंही थोडं सांगावं: ‘आमच्याकडे आज परत दोडकाच.’ नाहीतर लागोपाठचे तीन प्रश्न चौकशीसारखे वाटतात.

जेवणाचा प्रश्नही वेळ पाहून विचारावा. चतुर्थी असेल, रोजे चालू असतील, तर ‘उपास कधी सोडणार?’ हे बरं. ज्याच्या घरी चूल पेटायचीच पंचाईत आहे, त्याला ‘काय केलं होतं जेवायला?’ विचारूच नये. आणि दोनदा एकाच शब्दात उत्तर आलं, बोलता बोलता पाय जिन्याकडे वळले, तर ‘चला, निवांत बोलू’ म्हणून वाट मोकळी करून द्यावी.